‘उरलेला मजकूर कळवा’: अर्धवट संदेशांवर जाणाऱ्या एका स्वयंचलित मेलचं प्रकरण

पार्श्वभूमी

भेटीच्या वेळा ऑनलाइन नोंदवण्याचं सॉफ्टवेअर पुरवणारी ही एक लहान कंपनी. सपोर्टला पाच जण. ग्राहकांच्या तक्रारी दोन वाटांनी यायच्या: वेबसाइटवरच्या संपर्क फॉर्ममधून, नाहीतर थेट मेलने. दोन्हीकडून आलेलं सगळं शेवटी हेल्पडेस्कमध्ये तिकीट म्हणून उभं राहायचं.

सपोर्टमध्ये काम केलेल्या कोणालाही अर्धवट संदेश नवे नसतात. ‘नमस्कार, मला’ एवढंच लिहून कोणाकडून एंटर दाबलं जातं. कोणी ‘सोबत फोटो जोडला आहे’ असं लिहितो आणि फोटो जोडायचा राहतो. कोणी दोन ओळींत अडचण सांगायला सुरुवात करतो आणि तिसरी ओळ येतच नाही. अशा तिकिटांसाठी टीमने ठरलेली रीत घालून दिली होती. तिकीट उघडणारा त्यावर `apurna` असा टॅग लावायचा, ‘उरलेला मजकूर पाठवा’ असं तयार उत्तर पाठवायचा आणि तिकीट पेंडिंगमध्ये टाकायचा. चोवीस तासांत काही आलं नाही तर हेल्पडेस्क आपणहून एक स्मरण-मेल पाठवायचं. बहात्तर तास झाले की तिकीट सुटलं असं धरून बंद व्हायचं.

स्मरण-मेलचा मजकूर असा होता:

> प्रिय ग्राहक,
> आपला संदेश अपूर्ण असल्याने आम्ही आपल्याला मदत करू शकलो नाही. कृपया उरलेला मजकूर लवकरात लवकर पाठवावा. आपल्याकडून प्रतिसाद न आल्यास आपली तक्रार बंद करण्यात येईल.

भाषेत उद्धट काही नाही, पण तिन्ही वाक्यांत चूक ग्राहकाची ठरवलेली आहे. संदेश त्याने अर्धवट लिहिला, मदत त्याच्यामुळे अडली आणि तक्रार बंद झाली तर तीही त्याच्यामुळेच. हे खरं आहे का, असा प्रश्न बराच काळ कोणी विचारला नाही. तिकिटं आपोआप बंद होत होती आणि थकलेल्या तिकिटांचा आकडा खाली राहत होता.

अडचण

स्मरण-मेलला येणाऱ्या उत्तरांचा सूर बिघडू लागला. ‘सगळं लिहून पाठवलंय, नीट वाचा’ अशी उत्तरं वारंवार दिसू लागली. काही उत्तरं तर हेल्पडेस्कमध्ये पूर्ण रिकामी उतरत होती. तिकिटावर ग्राहकाचं नाव असायचं, वेळ असायची आणि खाली कोरी जागा. रिकामं उत्तर म्हणजे ग्राहक वैतागून नुसतं ‘सेंड’ दाबतोय, असा टीमचा समज होता. काही ग्राहकांना स्मरण-मेल दोन-तीनदा जात होता. आणि तिकीट बंद झालं की ‘आमची सेवा कशी वाटली?’ हा सर्व्हे मागोमाग पोहोचायचा. ज्याचं काम झालेलं नाही त्यालाच मत विचारल्यावर जी उत्तरं यायची, ती इथे देण्यासारखी नाहीत.

गाडी अडली ती एका तिकिटाशी. फॉर्ममधून आलेला संदेश असा होता:

> नमस्कार, कालपासून आमच्या खात्यातल्या नोंदी दिसत नाहीत. मी तीनदा लॉगिन करून बघितलं

पुढे पूर्णविराम नाही, काहीच नाही. रीतीप्रमाणे टॅग लागला, उत्तर गेलं, दुसऱ्या दिवशी स्मरण-मेल गेला. ग्राहकाने भांडण न करता एक मेल फॉरवर्ड केला. फॉर्म भरल्याबरोबर कंपनीच्याच वेबसाइटने त्याला जी पोच पाठवली होती, तीच ही. त्या पोचमध्ये त्याचा संदेश पूर्ण होता. ‘बघितलं’ या शब्दानंतर एक काळजीत पडलेला चेहरा होता, 😟, आणि त्याच्यापुढे चार ओळी. कोणत्या तारखेपासूनच्या नोंदी गेल्या, कोणता ब्राउझर आहे आणि दुसऱ्या संगणकावर तेच होतंय का, हे सगळं त्यांत होतं. म्हणजे सपोर्टला जे विचारायचं होतं ते ग्राहकाने आधीच लिहिलेलं होतं, आणि पूर्ण संदेश मिळाल्याची पोच कंपनीच्याच नावाने त्याच्या हातात होती.

तपास: मजकूर नेमका कुठे तुटत होता

संदेश तुटण्याची कारणं वेगवेगळी असली तरी प्रत्येक कारण मजकुरात आपली खूण ठेवून जातं. टीमने मागच्या काही आठवड्यांतली `apurna` टॅगची तिकिटं काढली आणि फॉर्ममधून आलेली व मेलने आलेली अशी दोन ढिगांत वेगळी केली. इतकं केल्यावरच एक गोष्ट उघडी पडली. अर्धवट संदेशांपैकी बहुतेक फॉर्मच्या ढिगात होते. माणसांच्या हातून एंटर दाबलं जाणं हेच मुख्य कारण असतं, तर एकाच वाटेवर इतकी गर्दी झाली नसती.

फॉर्मच्या ढिगात सगळे संदेश एकाच ढंगाने तुटत होते. शब्द पुरा व्हायचा, पुढे कधी एक मोकळी जागा असायची आणि मग काही नाही. लांबी मात्र दर वेळी वेगळी. हा फरक महत्त्वाचा आहे. अक्षरमर्यादेमुळे मजकूर कापला गेला तर तो बहुधा शब्दाच्या मध्येच तुटतो आणि सगळे लांब संदेश साधारण एकाच आकड्याशी थांबतात. इथे एक संदेश दहा शब्दांवर थांबला होता, तर दुसरा साठवर. पोचमधल्या पूर्ण मजकुराशी ताडून पाहिल्यावर प्रत्येक ठिकाणी तुटल्या जागेपाशी इमोजी सापडला.

कारण डेटाबेसमध्ये होतं. फॉर्मचा मजकूर आधी MySQL च्या एका टेबलात साठत होता आणि तिथून एक छोटा प्रोग्राम तिकीट बनवत होता. टेबल जुनं होतं आणि त्याचा कॅरेक्टर सेट `utf8`. MySQL मधला हा `utf8` एका अक्षराला जास्तीत जास्त तीन बाइट देतो. देवनागरी अक्षरं तीन बाइटांत बसतात, त्यामुळे मराठी मजकुराला कधीच काही झालं नाही. बहुतेक इमोजींना मात्र चार बाइट लागतात. डेटाबेस कडक मोडमध्ये असेल तर अशी नोंद तो नाकारतो आणि चूक लगेच समोर येते. इथे सर्व्हर हलवताना कडक मोड बंद केलेला होता. तो बंद असला की MySQL न बसणाऱ्या अक्षरापाशी मजकूर कापतो, आधीचा भाग साठवतो आणि फक्त एक इशारा नोंदवतो:

```
Warning 1366: Incorrect string value: '\xF0\x9F\x98\x9F...'
for column 'message' at row 1
```

`F0 9F 98 9F` हे त्या काळजीत पडलेल्या चेहऱ्याचेच चार बाइट. हा इशारा प्रोग्राम कुठेच लिहून ठेवत नव्हता. पोचचा मेल मात्र डेटाबेसमधून न वाचता फॉर्ममध्ये भरलेल्या मजकुरावरूनच तयार होत होता, म्हणून तो शाबूत राहिला. याचा अर्थ असा, की वैतागलेल्या, काळजीत पडलेल्या माणसाचाच संदेश तुटण्याची शक्यता सर्वांत जास्त होती. इमोजी तोच टाकतो.

मेलच्या ढिगातली गोष्ट वेगळी निघाली, आणि स्मरण-मेलच्या दृष्टीने जास्त शिकवणारी. रिकाम्या उत्तरांचे मूळ मेल उघडून पाहिले. जवळजवळ सगळ्या हेल्पडेस्कमध्ये मूळ मेल जसाच्या तसा पाहण्याची सोय असते, पण तिकडे रोज कोणी जात नाही. त्या मेलांमध्ये उत्तर होतं, फक्त ते तळाशी लिहिलेलं होतं.

झालं होतं असं. हेल्पडेस्कच्या प्रत्येक मेलच्या माथ्यावर ‘उत्तर या ओळीच्या वर लिहा’ अशी एक ओळ असते. ग्राहकाचं उत्तर आलं की हेल्पडेस्क त्या ओळीखालचं सगळं जुना मजकूर समजून टाकून देतं. स्मरण-मेलच्या तळाशी ग्राहकाचा आधीचा संदेश दाखवलेला होता. ज्याला तुम्ही ‘उरलेला मजकूर पाठवा’ असं सांगता, तो साहजिकच खाली जातो, आपलं तुटलेलं वाक्य शोधतो आणि तिथूनच पुढे लिहू लागतो. टीमची विनंती त्याने अक्षरशः पाळली होती आणि नेमकं तेच हेल्पडेस्क कापत होतं. माथ्यावरची ती करडी, बारीक अक्षरांतली ओळ कोणी वाचत नाही, हे गृहीत धरूनच टेम्पलेट लिहायला हवं.

थोड्या तिकिटांत आणखी एक कारण दिसलं. एका ओळीत फक्त दोन आडव्या रेघा आणि एक मोकळी जागा (`-- `) आली की मेलच्या जुन्या संकेतानुसार पुढे सही सुरू होते असं मानलं जातं. काही ग्राहक मुद्दे वेगळे करायला अशीच रेघ ओढतात आणि त्यांचा दुसरा मुद्दा सही म्हणून गळून पडतो.

दोन-तीनदा गेलेल्या स्मरण-मेलांचं मूळ सुट्टीच्या उत्तरांत होतं. ग्राहक रजेवर असला की त्याची मेलपेटी ‘मी कार्यालयात नाही’ असं परत लिहिते. हेल्पडेस्कने ते ग्राहकाचं उत्तर धरून तिकीट पुन्हा उघडलं, कोणीतरी ते परत पेंडिंगमध्ये टाकलं आणि चोवीस तासांचं घड्याळ नव्याने सुरू झालं.

पुढे आलेले पर्याय

पहिला विचार मजकूर मऊ करण्याचा होता. ‘प्रिय ग्राहक’ काढायचं, दिलगिरीचे दोन शब्द घालायचे आणि बंद करण्याची धमकी वगळायची. अर्ध्या तासाचं काम. पण तळाशी लिहिलेलं उत्तर त्यानंतरही कापलंच गेलं असतं आणि इमोजीनंतरचा मजकूरही हरवतच राहिला असता. मऊ भाषेत चुकीचा आरोप केला तरी तो आरोपच राहतो.

दुसरा पर्याय स्वयंचलित मेल बंद करून प्रत्येक तिकिटामागे माणसाने लिहायचं, असा होता. दर्जाच्या दृष्टीने हाच सर्वांत चांगला. मात्र पाच जणांच्या टीममध्ये गर्दीच्या दिवशी आधी हेच काम मागे पडतं. मग स्मरण एकाला जातं, दुसऱ्याला राहतं.

तिसऱ्या पर्यायावर सर्वांत जास्त वाद झाला: उरलेला मजकूर मागायचाच नाही, आला आहे तेवढ्यावर काम सुरू करायचं. नोंदी न दिसण्याच्या त्या तिकिटात खातं कोणाचं हे माहीत होतं आणि अडचण काय हेही. लॉग बघून निम्मा तपास ग्राहकाला न विचारता झाला असता. विरोध करणाऱ्यांचं म्हणणं असं, की अंदाजाने दिलेलं उत्तर चुकलं तर ग्राहक दुप्पट चिडतो. दोन्ही बाजूंना तथ्य होतं. शेवटी ठरलं ते असं: तपासाचं काम अंदाजाने सुरू करायला हरकत नाही, पण खात्यात बदल करायचा असेल तर पूर्ण मजकुराची वाट पाहायची.

चौथा पर्याय निवडला गेला. तुटण्याची कारणं दुरुस्त करायची, स्वयंचलित मेल ठेवायचा, पण तो जाण्याआधी माणसाने दोन गोष्टी भरायच्या. त्या भरल्या नसतील तर मेल जाणारच नाही.

काय केलं

*डेटाबेस.* टेबल चार बाइटांची अक्षरंही साठवणाऱ्या `utf8mb4` वर नेलं. यात अर्धं काम करून थांबण्याची चूक सर्रास होते. टेबल बदलतं, पण प्रोग्राम डेटाबेसशी ज्या जोडणीतून बोलतो तिचा कॅरेक्टर सेट जुनाच राहतो आणि इमोजी तरीही हरवतो. दोन्ही बदलावे लागतात, आणि `SET NAMES` ची ओळ प्रोग्रामच्याच जोडणीतून द्यावी लागते:

```
ALTER TABLE sampark_sandesh
  CONVERT TO CHARACTER SET utf8mb4;
SET NAMES utf8mb4;
SELECT @@sql_mode;
```

शेवटच्या ओळीच्या उत्तरात `STRICT_TRANS_TABLES`, म्हणजे कडक मोड, दिसतं का, हे पाहिलं. दिसलं नाही, तेव्हा ते चालू केलं. MySQL 5.7 पासून ते मुळातच चालू असतं, पण जुन्या प्रोग्रामांना त्रास नको म्हणून पुष्कळ ठिकाणी ते बंद करून ठेवलेलं सापडतं. आधी कापलेला मजकूर टेबलातून परत येत नाही, कारण तो तिथे कधी पोहोचलाच नव्हता. पोचच्या मेलांच्या प्रती मात्र ‘पाठवलेले’ फोल्डरमध्ये होत्या. त्यांवरून उघड्या तिकिटांचा मजकूर हाताने भरून घेतला.

*दोन नवे रकाने.* `apurna` टॅग लावणाऱ्याने तिकिटात दोन रकाने भरायचे. पहिला ‘शेवटचे शब्द’: ग्राहकाच्या संदेशातले शेवटचे आठ-दहा शब्द जसेच्या तसे. दुसरा ‘एक प्रश्न’: ज्याचं उत्तर मिळालं तर काम पुढे सरकेल असा नेमका एकच प्रश्न. दोन प्रश्न लिहिले की ग्राहक एकाचंच उत्तर देतो, आणि बहुधा सोप्याचं. पहिल्या रकान्यात एक पथ्य आहे. शेवटच्या शब्दांत पासवर्ड किंवा कार्डचा क्रमांक असेल तर ते शब्द उतरवायचे नाहीत, त्याआधीचं वाक्य घ्यायचं. ग्राहकाने चुकून लिहिलेला पासवर्ड आपण मेलने पुन्हा पाठवण्यात शहाणपण नाही.

*टेम्पलेट.* नवा मजकूर असा ठरला:

> नमस्कार,
>
> तुमचा संदेश आमच्याकडे इथपर्यंत पोहोचला आहे:
> ‘… मी तीनदा लॉगिन करून बघितलं’
>
> यापुढे तुम्ही काही लिहिलं असेल तर ते आम्हाला मिळालेलं नाही. ते आमच्या बाजूने तुटलं असण्याचीही शक्यता आहे.
>
> दरम्यान एवढं कळलं तरी काम पुढे नेता येईल: सगळ्याच नोंदी दिसत नाहीत, की ठरावीक तारखांच्या?
>
> उत्तर या मेलच्या अगदी सुरुवातीला लिहा. अडचण सुटली असेल किंवा संदेश एवढाच असेल, तर तेवढं कळवलंत तरी पुरे.
>
> सपोर्ट टीम

यातल्या प्रत्येक ओळीमागे कारण आहे. शेवटचे शब्द उद्धृत केल्यामुळे मजकूर कुठे तुटला हे ग्राहकाला एका नजरेत दिसतं, आणि ‘नीट वाचा’ असं तो म्हणत नाही. ‘उरलेला मजकूर पाठवा’ हे शब्द मुद्दाम वगळले, कारण त्यांच्यामुळेच माणूस तळाशी जाऊन लिहीत होता. त्यांच्या जागी सरळ प्रश्न आला आणि प्रश्नाचं उत्तर वर लिहिलं जातं. ‘संदेश एवढाच असेल’ ही सोयही हवीच. काहींचा संदेश मुळात पूर्ण असतो, फक्त पूर्णविराम दिलेला नसतो. तळाशी ग्राहकाचा जुना संदेश दाखवणंही या एका टेम्पलेटपुरतं बंद केलं.

नमस्कारानंतर नाव घातलं नाही. नावाचा रकाना रिकामा असला की ‘नमस्कार ,’ असं काहीतरी जातं, किंवा मेल पत्त्याचा पुढचा भाग नाव म्हणून छापला जातो. खाली टीममधल्या एखाद्याचं नाव द्यावं असाही आग्रह होता, तो मानला नाही. जो मेल कोणी लिहिलेला नाही, त्याखाली माणसाची सही असू नये. ग्राहक त्या नावाने उत्तर लिहितो आणि त्या माणसाला तिकीट माहीतही नसतं.

*मेलचं तांत्रिक अंग.* विषय ग्राहकाने लिहिला तसाच ठेवला. ‘स्मरणपत्र:’ असं काही पुढे जोडलं की काही मेल प्रोग्राम ते वेगळं संभाषण धरतात, आणि ग्राहकाला आधीचा मेल व हा एकत्र दिसत नाहीत. पाठवणारा पत्ता उत्तर स्वीकारणारा ठेवला. सुट्टीच्या उत्तरांचा फेरा तोडण्यासाठी मेलच्या शीर्षात हे टाकलं:

```
In-Reply-To: <मूळ मेलचा Message-ID>
References: <मूळ मेलचा Message-ID>
Auto-Submitted: auto-generated
X-Auto-Response-Suppress: OOF, AutoReply
```

तिसरी ओळ RFC 3834 या 2004 च्या दस्तऐवजातली. तिचा आदर करणारी सुट्टीची उत्तरं अशा मेलला परत लिहीत नाहीत. चौथी मायक्रोसॉफ्टच्या मेल सर्व्हरांसाठी. सगळ्या मेलपेट्या हे पाळतात असं नाही, म्हणून दुसऱ्या टोकालाही बांध घातला. येणाऱ्या मेलच्या शीर्षात `Auto-Submitted: auto-replied` असेल तर तो तिकिटावर नोंदवायचा, पण तिकीट उघडायचं नाही.

*वेळ.* घड्याळाचे चोवीस तास सोडून कामाचे दोन दिवस धरले. जुन्या हिशेबात शुक्रवारी संध्याकाळी सहाला पेंडिंग झालेल्या तिकिटाचा स्मरण-मेल शनिवारी संध्याकाळी जायचा आणि सोमवारी सहाला ते बंद व्हायचं. सोमवारी सकाळी मेल उघडणाऱ्याच्या हातात जेमतेम एक दिवस उरायचा. आता स्मरण-मेल एकदाच, कामाच्या दोन दिवसांनी जातो, आणि तिकीट त्यानंतर कामाच्या पाच दिवसांनी बंद होतं.

ऑटोमेशनच्या अटी मांडताना एक खड्डा टाळावा लागतो. असे नियम बऱ्याच हेल्पडेस्कमध्ये दर तासाला धावतात. ‘पेंडिंग होऊन दोन दिवसांपेक्षा जास्त झाले’ एवढीच अट ठेवली तर पुढच्या तासालाही ती खरीच असते आणि मेल पुन्हा जातो. म्हणून मेल पाठवतानाच `smaran_gela` हा टॅग लावायचा आणि तो टॅग नसेल तरच पाठवायचं अशी अट घालायची. वेळही ‘शेवटचा बदल झाल्यापासून’ न मोजता ‘पेंडिंग झाल्यापासून’ मोजायची. टॅग लावणं हाही बदलच असतो, त्यामुळे शेवटच्या बदलापासून मोजलेलं घड्याळ टॅग लागताच शून्यावर येतं.

*बंद करणं.* तिकीट ‘सॉल्व्ह्ड’ करायचं, ‘क्लोज्ड’ नाही. पुष्कळ हेल्पडेस्कमध्ये सॉल्व्ह्ड तिकिटावर ग्राहकाचं उत्तर आलं की ते पुन्हा उघडतं. क्लोज्डवर उत्तर आलं की नवं तिकीट बनतं आणि आधीचा संदर्भ शोधत बसावं लागतं. `apurna` टॅग असलेल्या तिकिटांना समाधानाचा सर्व्हे जाऊ नये, अशीही अट घातली.

परिणाम

फॉर्ममधून येणारे तुटके संदेश डेटाबेस बदलल्या दिवसापासून जवळजवळ थांबले. उरले ते हातून चुकून पाठवले गेलेले, तेही मोजकेच. ‘नीट वाचा’ छापाची उत्तरं येईनाशी झाली. रिकामी उत्तरं पूर्ण गेली नाहीत. काही लोक काहीही सांगितलं तरी तळाशीच लिहितात. अशा तिकिटांवर हेल्पडेस्क आता `rikame_uttar` असा टॅग लावतं आणि तो दिसला की मूळ मेल उघडायचा, असा नियम आहे.

अपेक्षेपेक्षा जास्त उपयोग ‘एक प्रश्न’ या रकान्याचा झाला. नेमका प्रश्न लिहायचा म्हणजे आलेला मजकूर नीट वाचावा लागतो. वाचताना बऱ्याचदा लक्षात येतं, की विचारण्यासारखं काही राहिलेलंच नाही आणि थेट उत्तर देता येतं. अशा तिकिटांवर `apurna` लागतच नाही.

जे ग्राहक गप्प बसायचे त्यांतले बरेचसे अजूनही गप्पच राहतात. त्यांची अडचण सुटलेली असते किंवा त्यांनी नाद सोडलेला असतो. कोणताही टेम्पलेट त्यांना परत आणत नाही, आणि दुसरा-तिसरा स्मरण-मेल पाठवून ते साधतं असं मानायला या प्रकरणात आधार मिळाला नाही.

वेगळं काय करता आलं असतं

दोन ढिगांची वाटणी पहिल्याच महिन्यात व्हायला हवी होती. `apurna` टॅगसोबत संदेश कोणत्या वाटेने आला हे हेल्पडेस्कमध्ये आधीपासून नोंदलेलं होतं, फक्त कोणी ते एकत्र पाहिलं नाही. एका वाटेवर अर्धवट संदेश जास्त दिसले तर आधी आपली यंत्रणा तपासायची, टेम्पलेट नंतर.

फॉर्मची चाचणी दर वेळी ‘चाचणी संदेश’ असं लिहूनच व्हायची. त्यातलं प्रत्येक अक्षर तीन बाइटांत बसतं, म्हणून चाचणी दर वेळी पास. चाचणीच्या मजकुरात मध्यभागी एक इमोजी, स्वतंत्र ओळीवर दोन आडव्या रेघा व एक मोकळी जागा आणि अगदी शेवटी एखादा ओळखीचा शब्द असायला हवा. तो शेवटचा शब्द तिकिटात दिसला तरच संदेश पूर्ण पोहोचला. स्मरण-मेलची चाचणीही अशीच करायची: उत्तर एकदा माथ्यावर, एकदा तळाशी आणि एकदा सुट्टीचं स्वयंचलित उत्तर लावलेल्या मेलपेटीतून.

एक तिढा मात्र अजून सुटलेला नाही. काही ग्राहक उरलेला मजकूर त्याच मेलवर न पाठवता दुसऱ्या पत्त्यावरून नव्या मेलने पाठवतात. त्याचं वेगळं तिकीट बनतं आणि पहिल्या तिकिटावर स्मरण-मेल जातोच. खात्याच्या क्रमांकावरून दोन्ही आपोआप जोडण्याचा प्रयत्न झाला, पण एका खात्यावर चार-पाच कर्मचारी असतात आणि एकाची तक्रार दुसऱ्याच्या तिकिटात जाऊ लागली, म्हणून तो थांबवला. सध्या स्मरण-मेल निघण्याच्या सकाळी कोणीतरी एक जण त्या दिवसाची यादी काढतो, प्रत्येक खात्यावर गेल्या दोन दिवसांत दुसरं तिकीट आलं आहे का ते बघतो आणि असेल तर दोन्ही हाताने जोडतो.